बॉयलर बदला, असं मालकाला पत्रातून सांगताना

जळगाव स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर ४८ खोल्यांचं एक हॉटेल आहे. त्याच्या तळघरात डिझेलवर चालणारा, तासाला एक लाख किलोकॅलरीचा गरम पाण्याचा बॉयलर होता, वय वीस वर्षांच्या पुढे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. बॉयलर बदलायला हवा हे त्यांच्या मिस्त्रीला, मॅनेजरला आणि मला तिघांनाही कळत होतं. पण तोंडी सांगून पाच लाखांचा खर्च मंजूर होत नाही. अण्णांनी एकच प्रश्न केला, तोही अहिराणीत: "पैसा कितला दिनमा निंघी?" त्या प्रश्नाचं उत्तर मी पत्रातून दिलं. ते पत्र कसं तयार झालं, त्यातले आकडे कुठून आले आणि कुठे चुकता चुकता राहिले, ते इथे क्रमाने लिहितो. सर्व्हिसिंगची कामं करणाऱ्या कोणालाही असं पत्र कधी ना कधी लिहावं लागतंच.

आधी माझीच एक चूक सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एका लॉजच्या मालकाला मी डिसेंबरमधला डिझेलचा खप बघून पत्र दिलं होतं. डिसेंबरचा आकडा गुणिले बारा, त्यातून तीस टक्के बचत, म्हणजे दीड वर्षात पैसे वसूल. पुढच्या मे महिन्यात मालकाने मला गच्चीवर नेलं आणि टाकीच्या नळाखाली हात धरायला लावला. पाणी आपोआपच इतकं तापलेलं होतं की बॉयलर जेमतेम चालत होता. मग बचत होणार कशातून? खान्देशात गरम पाण्याचा खप वर्षभर सारखा नसतो. इथलं कुठलंही पत्र ह्या गोष्टीपासून सुरू झालं पाहिजे.

वर्षभराचा खप: बिलं आणि जनरेटर

किमान बारा महिन्यांची डिझेलची बिलं मागा. मॅनेजर "महिन्याला साधारण तीन बॅरल" असं सांगेल, ते लिहून घ्या पण वापरू नका. अण्णांकडे बिलं नीट फाइल केलेली होती, वर्षाची बेरीज आली ८,१२० लिटर.

हा आकडा जसाच्या तसा पत्रात घातला असता तर फसलो असतो. हॉटेलचा जनरेटर त्याच बॅरलमधून डिझेल घेतो. जनरेटरवर तास मोजणारं मीटर असतं, त्याच्या वर्षभराच्या नोंदी लॉगबुकात सापडल्या: १६० तास. अर्ध्या लोडवर तासाला सुमारे ७ लिटर धरले तर १,१२० लिटर जनरेटरचे. उरले ७,००० लिटर, तेवढेच बॉयलरचे.

मग हे ७,००० महिन्यांवर पसरून बघितले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज सरासरी २९ लिटर, एप्रिल ते जून रोज साडेनऊच्या आसपास, बाकीचे महिने रोज १७ लिटर. उन्हाळ्यातल्या साडेनऊ लिटरकडे नीट बघा. तेव्हा पाहुणे थंड पाण्याने आंघोळ करतात, टाकीचं पाणी आधीच कोमट असतं. तरीही रोज साडेनऊ लिटर जळतंय, म्हणजे मोठा हिस्सा पाणी तापवण्यात जात नाहीये. तो कुठे जातो हे शोधलं की पत्राचं निम्मं काम झालं.

चिमणीतून किती जातं

फ्ल्यू गॅस अ‍ॅनालायझर लावून दोन गोष्टी मोजायच्या: धुराचं तापमान आणि धुरातला ऑक्सिजन. मोजण्याची जागा महत्त्वाची. बॉयलरमधून धूर बाहेर पडतो तिथून पाइपच्या व्यासाच्या एक-दोन पट अंतरावर भोक पाडा. वर चिमणीच्या टोकाला मोजाल तर धूर थंड झालेला असतो आणि बॉयलर आहे त्याहून गुणी दिसतो. चिमणीचा जोड ढिला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाऊन ऑक्सिजन जास्त दिसतो, तेव्हा जोड आधी मातीने बुजवून घ्या.

दुसरी अडचण अशी की गरम पाण्याचा बॉयलर पाच मिनिटांत सेट तापमानाला पोहोचून बंद पडतो, आणि धुराचं तापमान स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. म्हणून मोजणीच्या वेळी लॉन्ड्रीचे आणि किचनचे गरम पाण्याचे नळ सोडून ठेवायचे, म्हणजे बर्नर सलग चालतो.

डिझेलसाठी चिमणीतून जाणारा तोटा टक्क्यांत काढायचं सूत्र सोपं आहे:

```
qA = (Tf - Ta) * (0.68 / (21 - O2) + 0.007)
```

`Tf` म्हणजे धुराचं तापमान, `Ta` म्हणजे बॉयलर खोलीतल्या हवेचं आणि `O2` म्हणजे ऑक्सिजनचे टक्के. अण्णांच्या बॉयलरला धूर २९० अंश, हवा ३० अंश, ऑक्सिजन ९ टक्के. तोटा आला १६.६ टक्के. म्हणजे जळलेल्या उष्णतेतली ८३.४ टक्के बॉयलरच्या वाट्याला राहते.

आकडा वाईट आहे, पण भयंकर नाही. इथे अनेक विक्रेते तोच कागद मालकासमोर धरतात, शेजारी आपल्या नव्या मशीनचे "९३ टक्के" लिहितात आणि दहा टक्क्यांची बचत जाहीर करतात. पण अण्णांच्या जुन्या बॉयलरची सर्व्हिसिंग अडीच वर्षांत झालेली नव्हती. न धुतलेल्या गाडीची नव्या गाडीशी तुलना करायची नाही.

आधी सर्व्हिसिंग, मग पत्र

माझा हट्ट एवढाच आहे. बॉयलर बदलण्याची बचत जुन्या बॉयलरच्या *सर्व्हिसिंगनंतरच्या* खपाशी ताडायची. नाहीतर मालक पाच लाख घालून जे मिळवतो त्यातला काही भाग त्याला पाच हजारांतही मिळाला असता. हे त्याच्या सीएने पकडलं, तर पत्रातल्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

आम्ही ट्यूबमधली काजळी ब्रशने काढली, नोझल बदललं, बर्नरची हवा जुळवली. पुन्हा मोजलं तेव्हा ऑक्सिजन ९ वरून ६ टक्क्यांवर आला, पण धूर २९० वरून फक्त २६० अंशांवर. चांगला धुतलेला बॉयलर ह्याहून बराच खाली यायला हवा होता. न येण्याचं कारण पाण्याच्या बाजूला होतं. झाकण उघडलं तर ट्यूबांवर क्षाराचा पांढरा, दगडासारखा थर, नखाने निघणार नाही असा. बोअरचं पाणी वीस वर्षं थेट आत गेलेलं. अशा थराने उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि एक मिलिमीटर थरानेसुद्धा इंधन ५ ते ८ टक्के जास्त लागू शकतं.

मग अ‍ॅसिडने थर का काढायचा नाही? मालक हे विचारतोच, म्हणून उत्तर तयार ठेवा. ह्या बॉयलरच्या ट्यूबा गेल्या तीन वर्षांत चारदा गळून वेल्डिंग झालेल्या होत्या. जाडीमापकाने मोजलं तर काही जागी मूळ जाडीच्या निम्मीच उरलेली. तिथे क्षारच भोक बुजवून बसलेला असतो, अ‍ॅसिडने तो गेला की दुसऱ्या दिवशी तळघरात पाणी. जाडी चांगली भरली असती तर मी स्वतः अ‍ॅसिड सुचवलं असतं आणि बॉयलर बदलायचं पत्र लिहिलंच नसतं.

सर्व्हिसिंगनंतर तोटा १२ टक्के, म्हणजे ८८ टक्के राहिले. ८३.४ वरून ८८ म्हणजे इंधनात ५.२ टक्के घट. ७,००० लिटरचे झाले सुमारे ६,६४०. हाच पत्राचा पाया.

रात्रीचा डबा

आता तो उन्हाळ्याचा प्रश्न. बॉयलर कोणी पाणी वापरत नसतानाही गरम राहतो, अंगातून आणि चिमणीतून थंड होतो आणि पुन्हा पेटतो. हा बसून खाल्लेला खर्च अ‍ॅनालायझर दाखवत नाही. तो मोजायला वीस लिटरचा, खुणा केलेला एक डबा पुरतो.

रात्री ११ वाजता बर्नरची डिझेल ओढणारी नळी टाकीतून काढून डब्यात सोडली. बर्नरला बहुतेक वेळा दोन नळ्या असतात: एक ओढणारी आणि दुसरी जास्तीचं डिझेल परत पाठवणारी. दोन्ही डब्यात आल्या पाहिजेत. परतीची नळी मुख्य टाकीतच राहिली तर डबा भराभर रिकामा होतो आणि खप कित्येक पट दिसतो. माझ्या मुलाने पहिल्या रात्री नेमकं हेच केलं, आणि अर्ध्या तासात डबा तळाला गेलेला पाहून धावत वर आला.

दुसऱ्या रात्री नळ्या बरोबर लावल्या. हॉटेलकडे जाणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, पण साठवण टाकी आणि पाइपची रिंग चालू. ११ ते ५, सहा तासांत १.३ लिटर. तिसऱ्या रात्री टाकी आणि रिंगसुद्धा तोडून फक्त बॉयलर ठेवला, ०.८ लिटर. म्हणजे बॉयलर एकटा सहा तासांत ०.८ आणि टाकी-पाइप मिळून ०.५. दिवसाच्या हिशोबात बॉयलर ३.२ लिटर, टाकी आणि पाइप २ लिटर. कोणी एक बादली पाणी घेतलं नाही तरी रोज ५.२ लिटर! उन्हाळ्याच्या साडेनऊमधले निम्म्याहून जास्त.

तिसऱ्या रात्रीचं मोजमाप टाळू नका. ते केलं नाही तर पाइपांचा तोटा बॉयलरच्या नावावर चढतो आणि नवा बॉयलर बसवूनही तो तसाच राहतो. मग सहा महिन्यांनी मालक म्हणतो, सांगितलं तेवढं वाचलं नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

नवा बॉयलर किती मोठा

जुना एक लाखाचा आहे म्हणून नवा एक लाखाचा, हा विचार महागात पडतो. मोठा बॉयलर जास्त वेळ रिकामा बसतो आणि बसून जास्त खातो. हिवाळ्याच्या सकाळचा हिशोब करा. सहा ते नऊ ह्या तीन तासांत सुमारे २,५०० लिटर पाणी लागतं आणि २० अंशांचं पाणी ५५ पर्यंत न्यायचं, म्हणजे ३५ अंश वाढ. २,५०० गुणिले ३५ म्हणजे ८७,५०० किलोकॅलरी, तीन तासांत. तासाला तीस हजारांच्या आतबाहेर, त्यातही २,००० लिटरची टाकी पहाटे भरलेली. ६०,००० चा बॉयलर सरळ दुप्पट होतो. लग्नसराईत सगळ्या खोल्या एकदम भरल्या तरी पुरेल.

नव्याकडून अपेक्षा: धूर १७० अंश, ऑक्सिजन ४ टक्के, म्हणजे वरच्या सूत्राने तोटा ६.६ आणि राहिले ९३.४ टक्के. बसून खाणं रोज १ लिटर. हे आकडे कॅटलॉगमधून उचलू नका, पुरवठादाराकडून लेखी घ्या. कॅटलॉगमधली कार्यक्षमता कुठल्या उष्मांकावर मोजली आहे तेही विचारा. निव्वळ उष्मांकावर, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णता न धरता, ९३ टक्के म्हणजे डिझेलच्या एकूण उष्मांकावर सहाएक टक्के कमी. दोन कोटेशनं दोन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली असतील, तर कागदावर हरलेला बॉयलर प्रत्यक्षात चांगला असू शकतो.

वसुलीचा हिशोब

आता बचत. ८८ वरून ९३.४ म्हणजे ५.८ टक्के, ६,६४० लिटरवर सुमारे ३८५ लिटर. बसून खाण्यात रोज २.२ लिटर कमी, वर्षाला सुमारे ८०० लिटर. एकूण ११८५ च्या आसपास. ह्या दोन बचती एकमेकींत थोड्या मिसळतात, म्हणून मी खाली उतरवून १,१५० लिटर धरले. पत्रात आकडा नेहमी असा उतरवावा आणि उतरवला आहे हे सांगावं.

लिटरला ९२ रुपये हा अण्णांच्या शेवटच्या बिलाचा भाव. १,१५० लिटरचे झाले १,०५,८०० रुपये. दुरुस्तीची बिलं तीन वर्षांत मिळून ७८,००० होती, म्हणजे वर्षाला २६,०००. नव्याचा देखभाल करार १०,००० चा, तेव्हा १६,००० वाचले. उलट बाजूला, बोअरच्या पाण्यातला क्षार काढणाऱ्या सॉफ्टनरच्या मिठाचे वर्षाला ६,००० नवे खर्च. निव्वळ बचत १,१५,८०० रुपये.

खर्च असा: बॉयलर आणि बर्नर ३,२५,०००, चिमणी आणि पाइपाचे बदल ६०,०००, सॉफ्टनर ४५,०००, जुना काढणं आणि नवा बसवणं ३०,०००. बेरीज ४,६०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८२,८००, असे ५,४२,८००. भंगाराचे २२,००० वजा केले की ५,२०,८००. भागाकार केला की साडेचार वर्षं.

सॉफ्टनर काही विक्रेते वगळतात, कारण त्याने आकडा सुंदर दिसतो. आमच्या बोअरच्या पाण्यावर सॉफ्टनरशिवाय बसवलेला बॉयलर तीन-चार वर्षांत जुन्याच्याच रांगेत जाऊन बसतो आणि मग वसुली कधीच पूर्ण होत नाही. जीएसटीची वजावट मिळेल का ते सीएवर सोडा, हिशोबात पूर्ण रक्कम धरा.

मग भाव बदलून बघा. डिझेल ८२ रुपये झालं तर वसुली पाच वर्षांत, १०२ झालं तर चार वर्षं आणि महिनाभरात. खोल्या कमी भरल्या तर? इथे गंमत आहे. बचतीचा मोठा भाग बसून खाण्यातला आहे, आणि हॉटेल रिकामं असलं तरी बॉयलर बसून खातोच. त्यामुळे गिऱ्हाईक कमी झाल्याने वसुली फारशी लांबत नाही. मालकांना हे ऐकून बरं वाटतं आणि ते खरंही आहे.

राहिलं पाइपांचं. रोजच्या २ लिटरपैकी सव्वाएक लिटर ग्लासवूल आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने वाचू शकतं. वर्षाला ४४० लिटर, सुमारे ४०,००० रुपये, आणि खर्च ४५,०००. सव्वा वर्षाच्या आत वसूल! हे काम बॉयलरपेक्षा कितीतरी फायद्याचं आहे, आणि म्हणूनच ते बॉयलरच्या हिशोबात मिसळायचं नाही. मिसळलं तर बॉयलरची वसुली उगाच चांगली दिसते.

सगळं मिळून खप ७,००० वरून ५,०५० लिटरवर येतो, म्हणजे २८ टक्के घट. दुसऱ्या कोणी अण्णांना "तीस टक्के" सांगितले होते. आकडा जवळपास बरोबरच होता, फक्त त्यातले बॉयलरचे सोळाच.

पत्र

पत्र दीड पानाचं असावं. मोजणीचे कागद जोडपत्र म्हणून मागे. पहिल्याच परिच्छेदात काय करायचं, किती लागतील आणि कधी निघतील हे आलं पाहिजे, कारण मालक बहुधा तेवढंच वाचतो आणि बाकीचं सीएकडे पाठवतो. मी लिहिलेलं पत्र असं होतं:

> आदरणीय अण्णा,
>
> सप्रेम नमस्कार. हॉटेलच्या तळघरातला जुना बॉयलर काढून त्याजागी तासाला ६०,००० किलोकॅलरीचा नवा बॉयलर सॉफ्टनरसह बसवावा, असं आमचं मत आहे. सर्व करांसह आणि भंगार वजा जाता खर्च ५,२०,८०० रुपये. वर्षाला सुमारे १,१५० लिटर डिझेल आणि एकूण १,१५,८०० रुपये वाचतील. पैसे साडेचार वर्षांत निघतील. डिझेलचा भाव दहा रुपयांनी वरखाली झाला तर चार ते पाच वर्षांत.
>
> ही बचत आम्ही जुन्या बॉयलरची सर्व्हिसिंग केल्यानंतरच्या खपाशी ताडली आहे. सर्व्हिसिंगने आधीच वर्षाला सुमारे ३६० लिटर वाचतील, ती बचत वरच्या आकड्यात धरलेली नाही. जनरेटरचं डिझेलही वगळलेलं आहे.
>
> बॉयलर बदलण्याची कारणं दोन. ट्यूबांवर क्षाराचा घट्ट थर आहे आणि पत्रा काही ठिकाणी निम्म्याने झिजला आहे, त्यामुळे अ‍ॅसिडने साफ करणं धोक्याचं आहे. दुसरं, पाणी कोणी वापरत नसतानाही हा बॉयलर रोज ३.२ लिटर डिझेल खातो. रात्री मोजून हा आकडा काढला आहे, नोंदी सोबत जोडल्या आहेत.
>
> बॉयलर बदला अगर बदलू नका, गरम पाण्याचे पाइप आणि टाकी झाकून घ्यावी. ४५,००० रुपये लागतील आणि ते सव्वा वर्षाच्या आत निघतील. हे काम आधी करावं.
>
> बॉयलर न बदलल्यास तो ह्या हिवाळ्यात चालेलही, पण ट्यूब कधी फुटेल हे आम्ही सांगू शकत नाही. फुटल्यास दुरुस्तीला किमान दोन दिवस गरम पाणी बंद राहील.
>
> बसवण्याचं काम पाच दिवसांचं आहे. जूनमध्ये केल्यास पाहुण्यांची गैरसोय सर्वात कमी होईल. बसवल्यावर तीच मोजणी आपल्यासमोर पुन्हा करू. धूर १७० अंशांपेक्षा २० अंशांहून जास्त वर गेला किंवा फक्त बॉयलरचा रात्रीचा खप सहा तासांत ०.३५ लिटरपेक्षा जास्त आला तर बर्नर आणि इन्सुलेशन आम्ही स्वखर्चाने दुरुस्त करू.
>
> आपला विश्वासू

शेवटचा परिच्छेद लिहिताना हात जरा थांबतो, कारण त्यात आपण स्वतःला बांधून घेतो. पण लिटरची हमी देऊ नका. लिटर हे पाहुण्यांवर, हवामानावर, नळ उघडा ठेवणाऱ्या पोऱ्यावर अवलंबून असतात. धुराचं तापमान आणि रात्रीचा खप फक्त बॉयलरवर अवलंबून असतो, तेवढीच हमी द्या. वर्षाची तुलना करायचीच असेल तर भरलेल्या खोलीमागे लिटर काढा, आणि डिसेंबरची तुलना डिसेंबरशीच.

मालक काय विचारतील

अण्णांनी पत्र वाचून तीन गोष्टी विचारल्या. पहिली, रात्री बॉयलर बंदच ठेवला तर? टायमर लावून काही डिझेल नक्की वाचलं असतं. पण स्टेशनजवळच्या हॉटेलात रात्री दोनच्या गाडीने उतरलेला पाहुणा आंघोळ करून झोपतो, आणि पाटीवर "२४ तास गरम पाणी" लिहिलेलं आहे. ती पाटी अण्णा काढणार नव्हते. पाटी नसलेल्या ठिकाणी मी आधी टायमरच सुचवतो, आणि मग बॉयलरची वसुली किती लांबते ते पुन्हा मोजतो.

दुसरी, सोलर का नाही? हा प्रश्न खान्देशात येणारच, आणि योग्यही आहे, ऊन इथे फुकट आहे. पण सोलरचं पाणी ज्या दिवसांत सर्वात जास्त मिळतं त्या उन्हाळ्यात ते सर्वात कमी लागतं, आणि जानेवारीच्या पहाटे बॉयलर तरीही लागतो. अण्णांच्या गच्चीवर लग्नांचा मांडव पडतो, म्हणून जागाही नव्हती. जागा असेल तिथे सोलर आधी लावा आणि उरलेल्या गरजेपुरताच बॉयलर घ्या. त्या क्रमाने बॉयलर आणखी लहान होतो.

तिसरी, एलपीजीवर का जाऊ नये? जायला हरकत नाही, पण ती इंधनाच्या भावावरची पैज आहे, बॉयलरची बचत नव्हे. उष्णतेच्या दराने हिशोब करा: डिझेलचा लिटर सुमारे ८,५०० किलोकॅलरी देतो, एलपीजीचा किलो सुमारे ११,०००. आपल्या बिलांच्या भावाने भागून दोन्हींचा दर काढा. एलपीजी स्वस्त पडला तरी तो वेगळ्या ओळीत लिहा. सिलिंडरचा भाव वर्षात कितीदा बदलतो हे मालकाला आपल्याहून चांगलं माहीत असतं.

कायद्याची गोष्टही एकदा तोंडी सांगून टाकावी. पाणी १०० अंशांच्या खालीच तापवणारा असा बॉयलर बॉयलर कायद्याच्या कक्षेत येत नाही, मग तो जुना १९२३ चा कायदा असो की २०२५ चा नवा. मात्र लॉन्ड्रीला वाफेचा बॉयलर असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बाष्पके संचालनालयाची नोंदणी आणि तपासणी आहे. बदलताना त्याचा वेळ आणि खर्च पत्रात आलाच पाहिजे.

अण्णांनी पाइप झाकायचं काम त्याच आठवड्यात करून घेतलं. बॉयलरसाठी त्यांनी एप्रिल-मेची लग्नं उरकू दिली आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काम झालं. बसवल्यानंतरच्या रात्री ते स्वतः तळघरात खुर्ची टाकून बसले. डब्यावरची ११ ची खूण त्यांनीच पेन्सिलने केली. पहाटे पाचला वाचलं, ०.३ लिटर गेलं होतं. मी कागदावर ०.२५ धरलं होतं. त्यांनी विचारलं, हा फरक का? मी म्हटलं, चिमणीचा डँपर पूर्ण मिटत नाहीये, बर्नर बंद असताना गार हवा आतून वर जातेय. डँपरची पट्टी आम्ही त्याच दिवशी बदलली, आणि दुसऱ्या रात्री खूण करायला अण्णांनी मॅनेजरला पाठवलं.